महानिर्वाणतंत्राचा दाखला देण्यापूर्वी

'आपल्या तंत्रग्रंथांनी प्राचीन काळीच सतीची चाल निषिद्ध ठरवली होती.' हे वाक्य व्याख्यानांत आणि लेखांत अधूनमधून भेटते. दुसरे एक वाक्य त्याहून जास्त वेळा भेटते: 'तंत्र म्हणजे मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन.' पहिले अभिमानाने म्हटले जाते, दुसरे नाक मुरडून. दोन्ही वाक्यांचा आधार विचारला तर महानिर्वाणतंत्राचेच नाव पुढे येण्याचा संभव मोठा आहे. इंग्रजीत लवकर आले, सहज मिळते आणि वाचायला सोपे आहे, म्हणून हे पुस्तक तंत्राचा प्रतिनिधी होऊन बसले. तंत्रावर लिहिणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या किंवा नुसते डोळसपणे वाचू इच्छिणाऱ्या वाचकाने दाखल्याचा माग कसा काढावा, हे शिकायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही. म्हणून तेच घेऊ.

सतीबद्दलचा दाखला महानिर्वाणाच्या दहाव्या उल्लासात आहे. उल्लास म्हणजे अध्याय. तिथे शिव पार्वतीला सांगतो की पतीच्या देहाबरोबर स्त्रीला जाळू नये, कारण प्रत्येक स्त्री देवीचेच रूप आहे. दाखला खरा आहे, संदर्भ बरोबर आहे. इथे बहुतेक लेखक थांबतात. पण 'प्राचीन काळीच' हा शब्द कुठून आला, हे अजून कुणी विचारलेलेच नसते. ते विचारायचे तर मागे मागे जावे लागते.

मराठी लेखामागे बहुधा एखादे इंग्रजी पुस्तक असते आणि त्या पुस्तकामागे 1913 सालचे भाषांतर. त्यावर नाव आहे आर्थर अॅव्हलॉन यांचे. हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांचे टोपणनाव. कॅथलीन टेलर यांनी 2001 मध्ये वुड्रॉफ यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात दाखवून दिले की अॅव्हलॉन या नावामागे एकटे वुड्रॉफ नव्हते. संस्कृतचा मोठा भार त्यांचे मित्र अटलबिहारी घोष यांनी उचलला होता. वुड्रॉफ यांचे ऋण लहान नाही. ज्या काळात तंत्राचे नाव काढले की इंग्रज आणि इंग्रजी शिकलेले भारतीय दोघेही तोंड फिरवत, त्या काळात त्यांनी मूळ ग्रंथ छापले आणि त्यांची बाजू मांडली. पण ते बाजू मांडत होते, हे वाचताना विसरायचे नाही. वकिली हेतूने निवडलेला पुरावा खोटा नसतो, पण तो निवडलेला असतो.

भाषांतराच्या मागे छापील संस्कृत प्रत. ती 1876 साली कलकत्त्याच्या आदि ब्राह्मसमाजाने बंगाली लिपीत काढली. पहिला मोठा धागा इथे हाती लागतो. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या ब्राह्मसमाजाने तंत्रग्रंथ का छापावा? कारण या ग्रंथाचा तिसरा उल्लास निर्गुण ब्रह्माच्या उपासनेला वाहिलेला आहे आणि त्यातले ब्रह्मस्तोत्र देवेंद्रनाथ ठाकुरांनी फेरफार करून समाजाच्या उपासनेत घेतले होते. छापील प्रतीबरोबर जी टीका आहे ती हरिहरानंद भारती यांची. हे राममोहन रायांच्या अगदी निकटचे संन्यासी. त्यांचे धाकटे बंधू रामचंद्र विद्यावागीश हे ब्राह्मसमाजाचे पहिले आचार्य. म्हणजे ग्रंथ, टीका आणि प्रकाशन तिन्ही आपल्याला एकाच वर्तुळात आणून सोडतात, आणि ते वर्तुळ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या बंगालमधले आहे.

आता त्याच्याही मागे जायचे. एखादा ग्रंथ जुना आहे की नाही हे ठरवायला दोन साध्या कसोट्या लागतात. काळ माहीत असलेल्या दुसऱ्या ग्रंथाने त्यातले वचन उद्धृत केले आहे का? आणि हस्तलिखिते किती जुनी, किती ठिकाणची आहेत? बंगालमध्ये तंत्रावरचे निबंधग्रंथ, म्हणजे निरनिराळ्या तंत्रांतली वचने गोळा करून विधी सांगणारे संग्रह, विपुल आहेत. कृष्णानंद आगमवागीश यांचा तंत्रसार त्यांत सर्वांत प्रसिद्ध. या जुन्या संग्रहांत महानिर्वाणाचा आधार सापडत नाही. इतका सुव्यवस्थित, गृहस्थाच्या रोजच्या प्रश्नांवर इतके स्पष्ट बोलणारा ग्रंथ हाताशी असता तर या संग्राहकांनी तो सोडला नसता. इथे एक फसगत नेहमी होते. जुन्या याद्यांत चौसष्ट तंत्रांची नावे असतात आणि त्यांत मिळतेजुळते नाव दिसले की ग्रंथाचा काळ ठरला असे वाटते. यादीतले नाव हा ग्रंथाचा पुरावा नव्हे. त्याच नावाखाली पुढे वेगळाच मजकूर लिहिला गेला, असे तंत्रसाहित्यात पुष्कळदा झाले आहे.

ग्रंथाच्या पोटातला पुरावाही त्याच दिशेला बोट दाखवतो. चौदा उल्लासांपैकी अकरावा दंड आणि प्रायश्चित्ताचा, बारावा वारसाहक्काचा. मालमत्तेचे वाटप कसे व्हावे, कुणाचा हक्क आधी, कुणाचा नंतर, हे शिव पार्वतीला क्रमाने सांगतो. तंत्रात हा विषय विरळा. हिंदू कायद्याचे अभ्यासक जे. डी. एम. डेरेट यांनी या भागाची छाननी केली आणि हा मजकूर ब्रिटिश राजवटीच्या आरंभीच्या बंगालमध्ये रचला गेला असे मत मांडले. पार्श्वभूमी पाहिली की त्यांचा मुद्दा उमगतो. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने हिंदूंचे वारसा-विवाहाचे खटले त्यांच्या शास्त्रांप्रमाणे चालवायचे ठरवले. 1776 मध्ये पंडितांकडून करून घेतलेला संग्रह हॅलहेडच्या इंग्रजी भाषांतरात निघाला. शास्त्रवचनाला कचेरीत अचानक वजन आले होते. अशा काळात वारसाहक्काचे नियम सांगणारे तंत्र प्रकट होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. गौड्रियान आणि संजुक्ता गुप्ता यांचा शाक्त साहित्याचा इतिहास 1981 मध्ये आला; त्यातही हा ग्रंथ उशिराचाच धरला आहे.

रचना कुणाची? काहींनी हरिहरानंदांकडेच बोट दाखवले आहे. तो पुरावा परिस्थितीजन्य आहे आणि तेवढाच म्हणून सांगावा. 'राममोहन रायांनी लिहवून घेतलेला बनावट ग्रंथ' असे ठोकून देणारे लेख पहिल्या वाक्याइतकेच उतावळे आहेत. माझ्या मते 'बनावट' हा शब्दच इथे गैरलागू आहे. शिव-पार्वती संवादाच्या साच्यात प्रत्येक शतकाने नवे तंत्र रचले. त्या परंपरेत लेखकाने आपले नाव मागे ठेवून देवाच्या मुखी शब्द घालणे हीच रीत होती. उशिरा रचला म्हणून ग्रंथ टाकाऊ होत नाही. उलट, बंगालमधला शिकलेला शाक्त समाज विधवेचे मरण, विवाह, वारसा आणि एकेश्वरवाद यांचा विचार कसा करत होता, याचा तो पहिल्या प्रतीचा साक्षीदार ठरतो. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा डिसेंबर 1829 चा. त्याच्या थोडेच आधी एका तंत्राने तीच गोष्ट देवीच्या नावाने सांगितली, हे 'प्राचीन काळी' पेक्षा कितीतरी अधिक रंजक सत्य आहे. तेव्हा पहिले वाक्य खोडू नका, दुरुस्त करा: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा एकोणिसाव्याच्या आरंभी बंगालमध्ये रचल्या गेलेल्या एका तंत्राने सतीला विरोध केला.

आता दुसरे वाक्य, पंचमकारांचे. गंमत अशी की महानिर्वाण इथे अतिशय सावध आहे. कलियुगातली माणसे दुबळी, म्हणून पाचव्या तत्त्वासाठी फक्त स्वतःची पत्नी निर्दोष, असे ते सांगते. मद्याऐवजी दूध, साखर आणि मध चालेल आणि पाचव्याऐवजी देवीच्या चरणांचे ध्यान व जप, अशीही सोय ते करते. म्हणजे ज्या पुस्तकावरून तंत्राची बदनामी होते, तेच पुस्तक मुळात घरंदाज गृहस्थासाठी काठाकाठाने चालणारे आहे. मग इतरत्र काय आहे?

कुलार्णवतंत्र उघडून पाहा. हा महानिर्वाणापेक्षा बराच जुना, सतरा उल्लासांचा, कौल परंपरेतला मोठ्या मानाचा ग्रंथ. दुसऱ्या उल्लासात तो स्पष्ट बजावतो की नुसत्या मद्यपानाने सिद्धी मिळत असती तर सारे दारुडे सिद्ध झाले असते. पाचव्या उल्लासात तो मद्य, मांस, मैथुन यांचे आध्यात्मिक अर्थ देतो. 'हे सारे प्रतीकात्मक आहे' असे म्हणणारे लेखक नेमक्या याच जागा दाखवतात. पण त्याच पाचव्या उल्लासात मद्याचे प्रकार आणि ते कसे तयार करावे हेही आहे, आणि आठव्यात चक्रात बसलेल्या साधकांच्या उन्मादाच्या चढत्या अवस्था आहेत. तिथे खरे द्रव्य आहे, खरी माणसे आहेत. टीकाकार ही जागा दाखवतात आणि आधीची झाकतात. ग्रंथ मात्र दोन्ही एकत्र ठेवतो: विधी खरा आहे, तो दीक्षित आणि अधिकारी माणसासाठी आहे, आणि त्याचा अर्थ द्रव्यात संपत नाही. या तिन्ही गोष्टी एका दमात धरता आल्या नाहीत तर कुलार्णव वाचलाच नाही म्हणायचे. करून पाहण्यासारखा व्यायाम असा, की ज्या श्लोकाचा दाखला दिला आहे त्याच्या मागचे आणि पुढचे वीस श्लोक वाचायचे. निम्म्याहून अधिक भ्रम तिथेच फिटतात.

अजून मागे गेलो की पाच हा आकडाच डळमळतो. अभिनवगुप्तांचा तंत्रालोक सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, काश्मीरमधला. त्याच्या एकोणतिसाव्या आह्निकात कुलयाग आहे आणि तिथे मकार तीन आहेत: मद्य, मांस आणि मैथुन. पंचमकारांची ठरीव यादी नंतर रूढ झाली. शिवाय तंत्रालोकाची आह्निके सदतीस. अभिनवगुप्तांचे नाव घेऊन 'लैंगिक साधना' सांगणारी पुस्तके या एकोणतिसाव्या आह्निकावर पोसली जातात. दीक्षेवरचे पंधरावे आह्निक त्याहून किती तरी मोठे आहे, पण त्याला वाचक मिळत नाही.

आणि काही ठिकाणी मकार मुळीच नाहीत. शैव सिद्धान्ताच्या आगमांवर दक्षिणेतल्या असंख्य देवळांची पूजा आजही चालते. सोमशंभूंची पद्धती अकराव्या शतकाच्या अखेरची. हेलेन ब्रुनर यांनी ती फ्रेंचमध्ये चार खंडांत आणली. पहिला खंड 1963 चा, शेवटचा 1998 चा. त्यात काय आहे? स्नान, संध्या, शिवपूजा, होम, दीक्षा, प्रतिष्ठा, श्राद्ध. कुठेही सनसनाटी नाही. तंत्रमार्गी साहित्याचा फार मोठा भाग हा असा आहे, आणि तो कंटाळवाणा वाटतो म्हणून लोकप्रिय पुस्तकांत येत नाही. म्हणून 'तंत्रात असे असते' हे वाक्य कुठेही दिसले की कोणत्या परंपरेत, हा प्रश्न तिथल्या तिथे समासात लिहावा.

तंत्राची विकृत प्रतिमा इंग्रजांनी आणली, असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. सेरामपूरचे मिशनरी विल्यम वॉर्ड यांनी 1811 पासून जे लिहिले त्यात ऐकीव गोष्टी आणि धर्मप्रचारकाची किळस भरपूर आहे, हे खरे. पण प्रतिमा त्याहून जुनी आहे आणि घरचीच आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात मालतीमाधव लिहिले. त्यात अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी द्यायला निघतो. कृष्णमिश्राच्या अकराव्या शतकातल्या प्रबोधचंद्रोदयात कापालिक येतो तो मद्य आणि स्त्री यांच्या बळावर इतरांना बहकवायला. पुढे कितीतरी वर्षे कापालिकांचे वर्णन म्हणून हीच पात्रे उद्धृत होत राहिली. डेव्हिड लोरेंझन यांनी 1972 मध्ये कापालिकांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना बहुतेक साधने विरोधकांचीच वापरावी लागली, आणि त्यांनी ते मोकळेपणाने नोंदवले. आता परिस्थिती बदलली आहे. ब्रह्मयामलाचे 1052 सालचे ताडपत्री हस्तलिखित नेपाळमध्ये आहे. कवटी धारण करण्याचे व्रत त्या परंपरेच्या आतून कसे दिसते, हे तिथे वाचता येते. तिथे स्मशान आहे, रक्तही आहे. पण नियम, जप, गुरूची आज्ञा आणि व्रताची मुदतही आहे. नाटकातला खलनायक आणि ग्रंथातला साधक शेजारी ठेवून वाचा; दोघांपैकी एकालाच खरे मानण्याची घाई करू नका.

आजच्या विद्वानांबद्दलही हाच नियम. जेफ्री क्रायपल यांचे रामकृष्ण परमहंसांवरचे 'कालीज चाइल्ड' 1995 मध्ये आले. रामकृष्णांच्या अनुभवांमागे दडपलेली समलैंगिक ओढ आहे, अशी त्याची मांडणी. स्वामी त्यागानंद आणि प्रव्राजिका व्रजप्राणा यांनी 2010 मध्ये पुस्तकभर उत्तर दिले आणि क्रायपल यांनी बंगाली वाक्ये चुकीची लावल्याच्या जागा दाखवल्या. दुसरीकडे, स्वामी निखिलानंदांच्या 1942 च्या इंग्रजी भाषांतरात मूळ कथामृतातले काही उल्लेख सौम्य झाले किंवा गळले, ही क्रायपल यांची तक्रार निराधार नव्हती. माझे मत विचाराल तर भाषेच्या मुद्द्यावर उत्तर देणाऱ्यांची बाजू वरचढ आहे. पण ते कुणी माझ्या सांगण्यावरून मानू नये. कथामृतातल्या नोंदी तारीखवार आहेत. वादातला एक प्रसंग निवडायचा, बंगाली जाणणाऱ्या माणसाला शेजारी बसवायचे आणि मूळ, निखिलानंद आणि क्रायपल अशी तिन्ही पाने समोर ठेवायची. एका संध्याकाळचे काम आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही, कारण तो ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात दाराशीच उभा आहे. ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी सांगितली आहे, आणि मत्स्येंद्रनाथांना अभिनवगुप्तांनीही तंत्रालोकाच्या आरंभी वंदन केले आहे. तेव्हा नाते खरे आहे. पण सहाव्या अध्यायातल्या कुंडलिनीवर बोलताना आपण सर्रास सात चक्रांचा रंगीत तक्ता पुढे ठेवतो: इतक्या पाकळ्या, हा रंग, हे बीजाक्षर, ही देवता. ज्ञानेश्वरीत असा तक्ता नाही. तो मुख्यतः बंगालच्या पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणातून आला. ते 1577 चे. ज्ञानेश्वरी 1290 ची. पूर्णानंदांचा ग्रंथ जगभर गेला तो वुड्रॉफ यांच्या 1919 च्या 'सर्पंट पॉवर' या पुस्तकामुळे. जुन्या तंत्रांत तर चक्रांची संख्या आणि नावेही ग्रंथागणिक बदलतात. म्हणून ज्ञानदेवांचे वर्णन आधी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच क्रमाने वाचावे: आसन, बंध, जागी झालेली शक्ती, देहावर होणारे परिणाम, आणि शेवटी तिचे लय पावणे. मत्स्येंद्रांकडे जायचे असेल तर त्यांच्या नावावरचा कौलज्ञाननिर्णय प्रबोधचंद्र बागची यांनी 1934 मध्ये संपादित केला आहे. नाथपंथाच्या महाराष्ट्रातल्या वाटचालीसाठी रा. चिं. ढेरे आहेतच.

एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगायला हवी. तंत्राच्या नावाखाली बायकामुलांना नाडणारा भोंदू आणि कौल ग्रंथाचा अभ्यास यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भोंदूसाठी महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. कुलार्णवाचे न्याय्य वाचन म्हणजे भोंदूला मिळालेले संरक्षण नव्हे, आणि भोंदूचा गुन्हा हा कुलार्णवाविरुद्धचा पुरावाही नव्हे.

मूळ साधने मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. काश्मीर ग्रंथमाला आणि वुड्रॉफ यांच्या तांत्रिक ग्रंथमालेचे खंड स्कॅन केलेले मिळतात. मुक्तबोध संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयात अनेक तंत्रांचे संस्कृत पाठ शोधता येतील अशा रूपात आहेत. एखादे वचन खरोखर कुठले, हे तिथे काही मिनिटांत पडताळता येते. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत शैवागमांची हस्तलिखिते मोठ्या संख्येने जपलेली आहेत. संस्कृत येत नसेल तर अनुवाद वापरा, पण अनुवादकाचे नाव, साल आणि त्याने कोणती छापील प्रत वापरली, एवढे लिहून घ्या.

संपादकांना आणि लेखकांना माझी विनंती आहे. तंत्राचा दाखला छापताना ग्रंथाच्या नावापुढे त्याचा अंदाजे काळ, प्रांत आणि परंपरा एवढे तीन शब्द घाला. जिथे हे तीन शब्द घालता येत नाहीत, तिथे दाखला पडताळलेला नाही असे समजून तो मागे घ्या.